एका दुपारची शिल्लक, महिन्याभराचा खर्च

पहाटेचे साडेचार. बंगळुरूच्या बनशंकरी भागातल्या एका दोन खोल्यांच्या घरात गजर वाजतो. बेळगावहून दहा वर्षांपूर्वी इथे आलेला एक तरुण जिम ट्रेनर उठतो, तोंडावर पाणी मारतो आणि जयनगरच्या जिमकडे स्कूटर काढतो. साडेपाचला पहिला ग्राहक हजर! सकाळची पाळी दहापर्यंत. मग सुट्टी म्हणावी तर सुट्टी नाही, काम म्हणावं तर काम नाही, असा दुपारचा पोकळ वेळ. संध्याकाळी साडेचारला पुन्हा जिम, ती रात्री साडेनऊपर्यंत. शिवाय कुणी सॉफ्टवेअरवाला ऐनवेळी कळवतो, 'सर, कॉल लांबला, आठऐवजी नऊला येऊ?' आठवड्याची सुट्टी कधी मंगळवारी, कधी शुक्रवारी, ती मालक ठरवणार.

या माणसाचं नाव आम्ही छापत नाही. त्यानंच तशी विनंती केली. 'जिममध्ये सगळे सर म्हणतात, तेवढं पुरे की!' असं तो बेळगावी ठसक्यात म्हणाला. तेव्हा आपणही त्याला सरच म्हणू.

सरांपुढचा प्रश्न असा. आजकाल ट्रेनरला ग्राहक मिळतात ते ओळखीतून, आणि फोनवर दिसणाऱ्या छोट्या व्हिडिओंतून. २०२०च्या जूनअखेर भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैत इन्स्टाग्रामनं आपल्याकडे रील्स सुरू केले. तेव्हापासून तर गल्लोगल्लीचे ट्रेनर कॅमेऱ्यासमोर उभे आहेत. पण रोज एक व्हिडिओ करायचा म्हटलं तर तो करायचा कधी? रात्री दहाला दमलेल्या चेहऱ्यानं? सरांनी तेही करून पाहिलं. तीन आठवडे रोज व्हिडिओ, मग पाच आठवडे काहीच नाही, मग अपराधी वाटून पुन्हा चार दिवस रोज. बघणाऱ्यांना वाटायचं, या माणसानं जिम सोडली की काय!

यावरचा उपाय या धंद्यात बहुतेकांना ठाऊक आहे. किरकोळीनं रोज शूटिंग करायचं नाही. एका दिवशी घाऊक शूटिंग करून व्हिडिओंची बँक भरायची आणि मग आठवड्याला थोडे थोडे काढून खर्च करायचे. ऐकायला अगदी सोपं. पण गंमत अशी की, हा सल्ला बहुतेक वेळा टेबलाशी बसून बोलणाऱ्या माणसांसाठी दिलेला असतो. स्वयंपाकाचे, कपड्यांचे, पैशांच्या गुंतवणुकीचे व्हिडिओ करणारा दिवसभरात वीस काय, तीसही उरकेल. ट्रेनरचं तसं नाही. त्याचा कच्चा माल म्हणजे त्याचं स्वतःचं शरीर, आणि ते संध्याकाळपर्यंत सकाळसारखं राहत नाही. सरांना हे कळलं ते एका बाईंमुळे.

'सर, तुमचीच पाठ वाकली आहे!'

पहिल्या घाऊक शूटिंगच्या दिवशी सरांनी वीस व्यायामांची यादी केली होती. यादी विषयवार होती. आधी पायांचे व्यायाम, मग छातीचे, मग पाठीचे, शेवटी पोटाचे. प्रत्येक व्यायामाचे पाच टेक, प्रत्येक टेकमध्ये पाच आवर्तनं. वीस पाचे शंभर, शंभर पाचे पाचशे! एरवी दिवसाच्या व्यायामात ते जितकं उचलतात त्याच्या कितीतरी पट काम, आणि वजनही रोजच्या सरावाचंच लावलेलं, कारण कॅमेऱ्यासमोर हलकं वजन उचलायला लाज वाटली.

यादीत चौदाव्या क्रमांकावर डेडलिफ्ट होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, जमिनीवर ठेवलेला वजनांचा दांडा कमरेत वाकून धरायचा आणि पाठ ताठ ठेवून उभं राहत उचलायचा, हा तो व्यायाम. यात सगळी मदार पाठीवर. कंबर खुब्यातून वाकायला हवी, मणक्याची कमान होता कामा नये. सरांनी हे हजार वेळा इतरांना सांगितलेलं. पण दुपारी तीनला, साडेतीनशे आवर्तनांनंतर, त्यांच्या पायांनी संप केला होता. पाय थकले की शरीर चलाखी करतं आणि तेच काम पाठीकडून करून घेतं. चौथ्या आणि पाचव्या टेकमध्ये कमरेच्या वर पाठ गोल झालेली होती. सरांना ते जाणवलंही नाही. उलट पाचव्या टेकमध्ये ऊन छान पडलं होतं म्हणून तोच निवडला.

व्हिडिओ लागला. लोकांनी पाहिला, पसंत केला. दोन दिवसांनी सकाळच्या पाळीतल्या एका पन्नाशीच्या बाई फोन पुढे करून म्हणाल्या, 'सर, तुम्ही आम्हाला रोज ओरडता, पाठ सरळ ठेवा, पाठ सरळ ठेवा. इथे तर तुमचीच वाकली आहे! आम्ही नक्की काय करायचं?'

सर सांगतात, 'त्या क्षणी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. एखादा धडा पुस्तकात चुकला तर मास्तर वर्गात दुरुस्त करतो. इथे मास्तरच चुकीचा दाखवतोय, आणि वर्गात कोण कोण बसलंय ते मला दिसतसुद्धा नाही.' व्हिडिओ त्यांनी लगेच काढला. पण तोवर किती जणांनी त्यावरून घरी प्रयोग केला असेल, हे कळायला काही मार्ग नव्हता. त्यातून दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांची स्वतःची कंबर इतकी धरली होती की ग्राहकाला वजन उचलून देणंही जमेना.

तेव्हापासून सरांची यादी विषयवार राहिली नाही. ती थकव्यानुसार होते. आम्ही ज्या दुपारी त्यांच्याबरोबर होतो त्या दुपारचं गणित पाहू या.

बारा ते साडेतीन

जयनगरची ती जिम दुपारी बारा ते साडेतीन जवळजवळ रिकामी असते. मालकांशी सरांनी रीतसर बोलून ठेवलं आहे. महिन्यातून एक दुपार, स्पीकरवरची गाणी बंद, आणि मोबदल्यात व्हिडिओत जिमच्या भिंतीवरची पाटी दिसेल. गाणी बंद ठेवण्याला कारण आहे. मागे वाजणारं सिनेमाचं गाणं चित्रीकरणात आलं की हक्काच्या वादावरून इन्स्टाग्राम किंवा यूट्यूब त्या व्हिडिओचा आवाजच बंद करू शकतं. दुपारभराची मेहनत मुकी!

आदल्या रात्री तीन कामं झालेली असतात. वहीत अठरा व्यायामांची यादी, फोन पूर्ण चार्ज, आणि फोनमधली जागा रिकामी. नेहमीच्या फुल एचडी दर्जाचं तासाभराचं चित्रीकरण फोनच्या सेटिंगनुसार चार ते आठ जीबी जागा खातं. ऐन टेकमध्ये 'जागा शिल्लक नाही' असा निरोप झळकण्यासारखं दुःख नाही. शिवाय शूटिंग सुरू होताच फोन विमानातल्यासारखा बंद संपर्कात टाकायचा, नाहीतर मधेच ग्राहकाचा फोन येतो आणि चित्रीकरण तुटतं. तातडीचे फोन त्या दुपारी धाकट्या बहिणीच्या नंबरवर येतात.

ही बहीण म्हणजे या कारखान्यातली खरी तपासनीस. ती जिमला जात नाही, व्यायामातलं शास्त्र तिला ठाऊक नाही. पण दादानं तिला प्रत्येक व्यायामासाठी तीन-तीन खुणा लिहून दिल्या आहेत. डेडलिफ्टच्या कागदावर लिहिलंय: मानेपासून माकडहाडापर्यंत रेघ सरळ आहे का, दांडा नडगीला चिकटून वर येतोय का, टाचा जमिनीवर आहेत का. तिघांपैकी एक जरी चुकलं तरी ती ओरडते, 'दादा, पाठ!' आणि तो टेक तिथेच बाद. जाणकाराला आपल्या थकव्याची सबब सुचते. कागद हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ती सुचत नाही.

पहिला अर्धा तास मांडामांडीत जातो. फोन तिकाटीवर, कमरेच्या उंचीवर, माणसापासून सुमारे तीन मीटर लांब. बरेच जण जागा कमी म्हणून फोनची रुंद कोन दाखवणारी भिंग वापरतात. तिथे घोटाळा होतो. त्या भिंगातून चित्राच्या कडेला असलेले हातपाय ताणलेले दिसतात, आणि सरळ पाठही वाकडी वाटू शकते. म्हणून नेहमीचीच भिंग वापरायची आणि पाय मागे घ्यायचे. पाठीची रेघ दाखवायची असेल तर कॅमेरा बरोबर बाजूला हवा. गुडघे आत पडताहेत का ते दाखवायचं असेल तर समोरून थोडा तिरपा. एकाच कोनातून दोन्ही दिसत नाही. स्क्वॉटचा, म्हणजे खांद्यावर दांडा घेऊन मारायच्या बैठकेचा, व्हिडिओ म्हणूनच दोनदा घ्यावा लागतो.

दिव्यांचीही एक खोड असते. आपल्याकडे वीज सेकंदाला पन्नास फेऱ्यांनी येते. काही स्वस्त एलईडी दिवे त्या तालावर लुकलुकतात. डोळ्याला दिसत नाही, पण कॅमेऱ्यात चित्रावरून काळसर पट्टे सरकताना दिसतात. म्हणून आधी पाच सेकंदांचा नमुना काढून बघायचा. पट्टे असतील तर फोनच्या कॅमेऱ्यातला शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवायचा. ते जमत नसेल तर दिवा बंद करून खिडकीजवळ जायचं. सरांनी एकदा सबंध दुपारचं चित्रीकरण या पट्ट्यांपायी टाकून दिलं होतं, कारण नमुना पाहण्याचा कंटाळा केला होता.

साडेबाराला कामाला सुरुवात. पहिला तास सगळ्यात जड सहा व्यायामांचा: स्क्वॉट, डेडलिफ्ट आणि त्यांची भावंडं. वजन रोजच्या सरावाच्या निम्मं. एका टेकमध्ये तीनच आवर्तनं, एका व्यायामाचे जास्तीत जास्त तीन टेक, दोन टेकमध्ये दोन मिनिटं विश्रांती. सहा त्रिक अठरा, अठरा त्रिक चोपन्न. कुठे ती पाचशे आवर्तनं आणि कुठे ही चोपन्न! तिसऱ्या टेकमध्येही जमलं नाही तर तो व्यायाम त्या महिन्यापुरता सोडून द्यायचा, चौथा टेक नाही. हा नियम पाळताना सरांना सगळ्यात जास्त त्रास होतो. कारण चौथा टेक छान येईल असं प्रत्येक वेळी वाटतं.

निम्मं वजन पाहून कुणी हसत नाही का? 'हसतात की,' सर म्हणाले. 'पण ज्याला शिकायचंय त्याला वजन दिसत नाही, हालचाल दिसते. ज्याला वजनच बघायचंय त्यानं पैलवानाकडे जावं.'

दीड ते दोन केळं, ताक आणि कपडे बदलणं. एका रंगाचा सदरा एका मालिकेसाठी, असा हिशेब असतो, म्हणजे महिनाभर तोच तो माणूस एकाच दुपारी उभा आहे असं वाटत नाही. गर्द निळा आणि काळा चालतो. राखाडी अजिबात नको, त्यावर घामाचा नकाशा उमटतो.

दोन ते तीनला दहा कमी, एवढ्यात चटईवरचे आठ हलके व्यायाम. आडवं पडून कंबर उचलणं, प्लँक, खांदे मोकळे करणं वगैरे. शरीर थकलेलं असलं तरी इथे धोका कमी. आणि शेवटचा अर्धा तास खुर्चीवर बसून बोलायचे चार तुकडे. यात फक्त तोंड हलवायचं, आणि थोडा दमलेला चेहरा इथे खपून जातो. सहा, आठ आणि चार, मिळून अठरा. तीन वीसला वजनं जागेवर, चटई पुसून गुंडाळलेली. साडेतीनला जिम जशीच्या तशी. संध्याकाळच्या पाळीला सर ताजेतवाने नव्हते, पण चालत होते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचलाही.

जुन्या बंगळुरूतला टपालाचा मास्तर

हे सगळं पाहताना आम्हाला याच शहरातल्या एका जुन्या व्यायामवीराची आठवण झाली. के. व्ही. अय्यर त्यांचं नाव. बंगळुरूत त्यांची हर्क्युलिस व्यायामशाळा गाजलेली होती. १९३० साली त्यांचं 'मसल कल्ट' हे पुस्तक आलं, १९३७ मध्ये सूर्यनमस्कारांवरचं. अय्यर टपालानंही व्यायाम शिकवत. वर्गणी भरणाऱ्याला धडे घरपोच मिळत. त्यांच्या शरीरसौष्ठवाची छायाचित्रं तर दूरवर पोचली होती. छायाचित्र एकदाच काढायचं, धडा एकदाच नीट लिहायचा आणि तो पुढे अनेकांच्या घरी जाणार. मग त्यात एकही चूक राहून कशी चालेल? आपल्या सरांनी अय्यरांचं नाव ऐकलेलं नव्हतं. ऐकल्यावर म्हणाले, 'म्हणजे त्यांचीही बँकच होती की!' फरक एवढाच की अय्यरांच्या विद्यार्थ्याला धडा मिळे तो मागवल्यावर. सरांचा धडा न मागताही लोकांपुढे येऊन उभा राहतो, आणि बघणाऱ्यानं तीन सेकंदांत अंगठा फिरवला की संपला.

या तीन सेकंदांमुळे सरांनी आणखी एक गोष्ट शिकून घेतली. 'ही चूक करू नका' असा व्हिडिओ करायचा तर चुकीची हालचाल दाखवावीच लागते. पण बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात. त्यांना फक्त एक सुदृढ माणूस काहीतरी करताना दिसतो, आणि ते तेच करतात! म्हणून चुकीची हालचाल चालू असेपर्यंत चित्रावर मोठी लाल फुली हवी, शेवटी नव्हे, पहिल्या क्षणापासून. ज्या टेकमध्ये बहिणीनं 'दादा, पाठ!' म्हणून ओरडलेलं असतं, ते टेकही फेकले जात नाहीत. ते 'चुका' नावाच्या वेगळ्या कप्प्यात जातात आणि फुली मारूनच बाहेर येतात.

पासबुक

त्याच रात्री जेवण झाल्यावर दोघं भावंडं सगळे तुकडे आवाज बंद करून बघतात. आमच्या त्या दुपारच्या अठरांपैकी तीन बाद झाले. दोनांत बहिणीला खूण चुकलेली दिसली, एकात मागच्या आरशात एक सदस्य पाणी पिताना आला होता. न विचारता कुणाला व्हिडिओत दाखवायचं नाही, मग तो कोपऱ्यात का असेना. उरले पंधरा.

आवाज मात्र जिममध्ये भरायचाच नाही. तिथे घुमतो. सर घरी कपड्यांच्या कपाटाचं दार उघडून त्यात तोंड घालून बोलतात! टांगलेले कपडे घुमणारा आवाज शोषून घेतात. अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओला साठ-पासष्ट शब्द पुरतात, त्याहून जास्त असले की घाई होते. आवाज वेगळा भरण्याचा फायदा बंगळुरूत दुप्पट. एकाच चित्रावर एकदा कन्नड, एकदा हिंदी. बेळगावच्या मित्रांसाठी कधीतरी मराठीही. मात्र तेच चित्र दुसऱ्या भाषेत लावायचं तर मध्ये सहा आठवड्यांचं अंतर ठेवतात, नाहीतर दोन्ही भाषा कळणारे कंटाळतात. आणि बंगळुरूत असे लोक काही कमी नाहीत.

प्रत्येक तुकड्याचं नाव सारख्याच पद्धतीचं, उदाहरणार्थ `07_squat_side_kn.mp4`. क्रमांक, व्यायाम, कॅमेऱ्याची बाजू, भाषा. रात्री साडेदहाला डोळे मिटत असताना 'तो निळ्या सदऱ्यातला कुठे गेला' असं शोधत बसावं लागत नाही. आणि हिशेब शाळेच्या वहीत. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च. वरच्या ओळीत त्या दुपारी लिहिलं होतं: मागील शिल्लक नऊ, जमा पंधरा, एकूण चोवीस.

खर्च आठवड्याला चार. म्हणजे चार आठवड्यांत सोळा. एका घाऊक दुपारीही साधारण पंधरा-सोळाच जमा होतात. गणित जेमतेम जुळतं. खरी मेख आहे ती किमान शिलकीत. सर वहीत आठच्या आकड्याभोवती लाल वर्तुळ काढतात. शिल्लक आठवर आली की खर्च आठवड्याला दोनवर आणायचा. घाईनं रात्री दहाला शूटिंग करून बँक भरायची नाही.

हा नियम कसा उपयोगी पडला ते एका जानेवारीच्या पानावर दिसतं. डिसेंबरच्या सुरुवातीला चोवीस होते. जानेवारी उजाडताना उरले आठ. नववर्षाचे संकल्प करून आलेल्यांची जिममध्ये ही गर्दी, सुट्ट्या रद्द, रिकामी दुपारही नवीन सदस्यांना शिकवण्यात गेली. शूटिंगला फुरसत नाही. जुना क्रम चालू ठेवला असता तर दोन आठवड्यांत खडखडाट झाला असता. सरांनी आठवड्याला दोनच लावले. तीन आठवड्यांनी शिल्लक दोन होती, तेव्हा महिनाअखेरीस एक दुपार मिळाली आणि पुन्हा पंधरा जमा झाले. बाहेरून बघणाऱ्याला मध्ये काही घडलं हे कळलंही नसेल.

बँकेत ठेवायचं काय, यालाही मर्यादा आहे. बैठक कशी मारायची हे वर्षभर टिकतं. उन्हाळ्यात पाणी किती प्यावं, गणपतीत मोदक खाल्ल्यावर काय, हे हंगामी, त्याची वेगळी पानं. आणि काल जिममध्ये एका आजीनं पहिल्यांदा खुर्चीचा आधार न घेता उठून दाखवलं, ही ताजी बातमी. ती त्यांची परवानगी घेऊन त्याच दिवशी लावायची, बँकेत टाकली की शिळी होते.

आठवड्याच्या पुढचं लावायचं नाही

इन्स्टाग्रामवर आता आठवडेच्या आठवडे आधी व्हिडिओ लावून ठेवायची सोय आहे. चोवीसच्या चोवीस एका रात्री लावून मोकळं व्हावं असा मोह कुणालाही होईल. सर तसं करत नाहीत. रविवारी रात्री फक्त पुढच्या आठवड्याचे चार. कारण विचारल्यावर ते क्षणभर गप्प झाले.

२९ ऑक्टोबर २०२१. कन्नडचे लाडके अभिनेते पुनीत राजकुमार त्या सकाळी बंगळुरूत हृदयविकारानं गेले. वय अवघं ४६. सकाळी त्यांनी व्यायाम केला होता, ही बातमी तासाभरात शहरभर पसरली. पुढचे कित्येक दिवस जयदेव हृदयरोग रुग्णालयात तपासणीसाठी रीघ लागली होती. जिममध्ये येणारे लोक घाबरून विचारू लागले. व्यायाम आणि मृत्यू यांचा संबंध जोडणं सोपं, सिद्ध करणं वेगळं. पण त्या वेळी वाद घालायला कुणाचं मन होतं? 'अशा दिवशी माझा आधी लावलेला व्हिडिओ आपोआप लागला असता, अजून एक सेट मारा, थांबू नका म्हणून... तर?' सर म्हणाले. म्हणून लावलेले चार व्हिडिओ एका मिनिटात कसे थांबवायचे, हे बहिणीलाही येतं. सर मजल्यावर ग्राहकाबरोबर असतील आणि फोन कपाटात असेल, तेव्हा ते काम तिचं.

बोलायच्या तुकड्यांबाबत तर सर फारच जपून असतात. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं आरोग्याविषयी बोलणाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. प्रमाणपत्रधारक व्यायामतज्ज्ञानं माहिती देताना किंवा जाहिरात करताना आपण प्रमाणित असल्याचं सांगावं, आणि आपलं बोलणं म्हणजे डॉक्टरी सल्ल्याला पर्याय नाही हे स्पष्ट करावं, असा त्यांचा रोख आहे. पाणी प्या, नियमित व्यायाम करा, अशा सर्वसाधारण सल्ल्याला त्यातून सूट आहे. सरांनी यातून आपल्यापुरता एक नियम काढला. बँकेत फक्त 'कसं करावं' एवढंच ठेवायचं. 'तुमच्या दुखण्यावर हे करा' असं काही ठेवायचं नाही, कारण चार आठवड्यांपूर्वी बोललेल्या माणसाला आज बघणाऱ्याचं दुखणं काय कळणार?

दुखणी येतात ती खाली, प्रतिक्रियांत. 'गुडघा दुखतो, हे करू का?' 'बाळंतपणाला चार महिने झाले, चालेल का?' यांची उत्तरं बँकेतून निघत नाहीत. सकाळची पाळी संपल्यावर सव्वादहाला, इडली येईपर्यंतच्या दहा मिनिटांत, सर ती स्वतः लिहितात. बहुतेक उत्तरं एकाच अर्थाची: आधी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा, मग या. काहींना हे उत्तर कोरडं वाटतं. पण तेच प्रश्न वहीच्या मागच्या पानावर टिपले जातात, आणि पुढच्या घाऊक दुपारची यादी तिथूनच तयार होते.

आम्ही निघालो तेव्हा ते मागचं पान उघडं होतं. सर्वांत वर त्याच पन्नाशीच्या बाईंचा नवा प्रश्न लिहिलेला होता: 'वाकून जमिनीवरची पाण्याची बादली उचलताना पाठ कशी ठेवायची?' सरांनी त्याच्यापुढे लिहिलं होतं: पहिला टेक, साडेबारा, कॅमेरा बाजूला. आणि कंसात बहिणीच्या अक्षरात: घरची बादली घेऊन जाणे, रिकामी नको, अर्धी भरलेली.